पाचवरचा ठिपका

मी तोंडाची फाटकी हाय. हे मी न्हाई म्हणत, शिरूरमध्ये आमच्या पतसंस्थेच्या कॅश काउंटरवर ज्यानं ज्यानं रांग मोडली त्या समद्यांनी म्हणलंय. सोजराबाईच्या खिडकीवर जायचं तर आधी घरून पाणी पिऊन जा, असं लोक म्हणायचे. म्हणू दे. रिटायर होऊन चार वर्षं झाली, तरी बाजारात एखादा मला बघून हातातली पिशवी सरळ करतो. मला बरं वाटतं.

पण सुनेपुढं माझं तोंड कवा चाललं न्हाई. तेजश्री घरात आली तवापासून मी तिला तेजू म्हणते आन् ती मला आई. भांडायला घ्यावं तर ती गप गालात हसायची. अशा माणसाशी काय भांडणार, कपाळ?

माझा सत्यजीत दौंडला दूध संघाच्या हापिसात डाटा एंट्रीला होता. गावोगावच्या डेअरीतनं दुधाच्या पावत्या यायच्या. सभासदाचा कोड, लिटर, फॅट आन् एसएनएफ, म्हंजी दुधातलं पाणी आन् फॅट सोडून बाकीचं सत्त्व. समदे आकडेच. ते कॉम्प्युटरात भरायचे. आठवडाभर तिथं खोली घेऊन राहायचा आन् शनिवारी गाडीवर शिरूरला यायचा. लग्नाला दोन वर्षं झाली तरी तेजूला शनिवार म्हणला की दुपारपासनं दाराकडं बघायची सवय. असाच एका शनिवारी यायला निघाला. पाटस आन् वरवंडच्या मधी हायवेला मागनं ट्रकनं धडक दिली. घरी आला तो पांढऱ्या कापडात आला.

त्याचं जास्त सांगत न्हाई. सांगून कमी होत न्हाई.

त्याला जाऊन दहा महिने झाले तवा संघाच्या हापिसातनं शंकरराव आले. सत्याचे वरचे साहेब, पण साहेबपणा अंगात न्हाई. चहा घेतला, कप बशीत ठेवला आन् म्हणले, "काकू, सत्यजीतची खुर्ची अजून कुणाला दिली न्हाई आम्ही. घरातल्या माणसाला द्यायचं कमिटीच्या मनात हाय. तेजश्रीताई परीक्षा पास झाल्या तर त्यांना. वर्षाच्या आत मात्र व्हाय पाहिजे. आन् परीक्षा एकदाच."

"कसली परीक्षा?" मी म्हणलं.

"नंबर पॅडची. तासाला आठ हजार की डिप्रेशन."

ह्यांनी, म्हंजी माझ्या मालकांनी, मारुतरावांनी, मान वर केली. "डिप्रेशन? ते तर आमच्या घरात सगळ्यांनाच हाय," असं म्हणून ते उठून ओट्यावर गेले. शंकरराव त्यांच्या मागं उठायला लागले. मी म्हणलं, "त्यांच्याकडं लक्ष देऊ नका, मला सांगा."

त्यांनी सांगितलं ते असं. एक बटण एकदा दाबलं की एक डिप्रेशन. आकडा दाबा, पॉइंट दाबा, एंटर दाबा, समदं मोजायचं. फॅट चार पॉइंट एक असंल तर चार, पॉइंट, एक आन् एंटर, झाली चार. तासभर कोण बसवत न्हाई, दहा मिनिटं घेतात आन् सहानं गुणतात. खोडायचं बटण मात्र मोजत न्हाईत, त्यात गेला तो वेळ तुमचा. आन् खरी मेख पुढं हाय. एखादा आकडा चुकला तर त्या रकान्याची समदी डिप्रेशनं वजा. आन् सभासदाचा कोडच चुकला तर अख्खी ओळ बाद. का, तर कोड चुकला म्हंजी एकाचं दूध दुसऱ्याच्या नावावर गेलं, पुढचे आकडे बरोबर असून काय उपयोग? वजा करून जे उरंल ते आठ हजाराच्या वर पाहिजे.

मला पटलं. कॅशमधी पण असंच असतंय, हात किती पळतो ते कोण विचारत न्हाई, संध्याकाळी जुळलं का ते विचारतात.

शंकररावांनी परीक्षेचा प्रोग्राम पेन ड्राइव्हवर दिला, सरावाला पावत्यांचा गठ्ठा पण दिला. जाताना म्हणले, "परीक्षेच्या खोलीत नवीन कीबोर्ड हायेत, पातळ. तसलाच घेऊन सराव करा, म्हंजी हात बुजायचा न्हाई." सत्याचा कॉम्प्युटर घरात होताच, त्याला आम्ही तसलाच पातळ कीबोर्ड शिरूरच्या दुकानातनं आणला.

शंकरराव आले त्याच रविवारी तेजूचा भाऊ विक्रम आला. तो दर रविवारी यायचा, आन् येताना कुठलं ना कुठलं स्थळ घेऊन यायचा. पोरगा वाईट न्हाई. बहिणीचं वय बघून त्याचा जीव तुटतो, ते मला कळतं. पण त्याच्या गाडीचा आवाज आला की मी आत जाऊन भांडी आपटायची. मी त्याला खुर्चीचं सांगितलं. तो म्हणला, "मावशी, नोकरी लागली तर मी गप बसतो. तिच्या पायावर उभी राहिली तर कुणाला काय बोलायची सोयच न्हाई. पण न्हाई झालं तर मी तिला न्हेणार. तुमच्याकडं दोन म्हाताऱ्या माणसांत बसून काय करंल ती?"

तेजू चुलीकडं पाठ करून उभी होती. विक्रम गेल्यावर म्हणली, "आई, मला कुठं जायचं न्हाई."

"मग बस कीबोर्डपुढं," मी म्हणलं. "रडायला मागनं भरपूर वेळ हाय."

मला वाटलं होतं हिला पहिल्यापासनं शिकवावं लागंल. मी तीस वर्षं आकड्यांच्या मशीनवर काढली, मला आतनं-बाहेरनं ठाऊक. मधलं बोट पाचवर, त्या बटणावर एक बारका ठिपका उठलेला असतो, अंधारात पण बोटाला लागतो. त्याच्या अलीकडं पहिलं बोट चारवर, पलीकडं अंगठीचं सहावर. हे घर. पहिलं बोट एक-चार-सात सांभाळतं, मधलं दोन-पाच-आठ, अंगठीचं तीन-सहा-नऊ आन् पॉइंट. शून्याला अंगठा, एंटरला करंगळी. बोट कुठंही गेलं तरी परत घरी यायचं. आन् डोळे कागदावर. खाली बघायचं न्हाई. खाली बघितलं की मी काउंटरवर नव्या पोरींच्या मनगटावर पट्टी मारायची.

मी हे सांगायला तोंड उघडलं, तोवर तेजूनं लाइट बघून नंबर लॉक लावलाच. मग हात ठेवला. बोटं बरोब्बर घरावर. आन् पावत्यांचा गठ्ठा डावीकडं सरकवून तिनं सुरू केलं. खाली नजर न्हाई, स्क्रीनकडं न्हाई. मी बघतच राहिले.

"अगं भवाने, कुठं शिकलीस?"

"ह्यांनी शिकवलं," ती म्हणली. अजून ती त्याला 'हे' म्हणायची. "शनिवारी आले की. कीबोर्डवर न्हाई. पुठ्ठ्यावर चौकोन आखले होते, आन् पाचवर मसुराचा दाणा चिकटवला होता." मग पावती उलटत म्हणली, "पुठ्ठा नसला की माझ्या हातावर."

घ्या. माझ्या पोरानं बायकोशी लाडीगोडी करायला नंबर पॅड काढला. आईवर गेला होता, दुसरं काय.

दहा मिनिटं झाली आन् प्रोग्रामनं आकडा दाखवला. एकूण नऊ हजार पाचशे चाळीस. मी टाळी वाजवणार तेवढ्यात खालचा दाखवला. वजा जाता सहा हजार नऊशे साठ.

"हे काय?" मी म्हणलं. "एवढं चुकलं कुठं?"

चुकलेल्या ओळी लाल दिसत होत्या. एकशे ब्याऐंशीचा कोड झाला होता पाच हजार एकशे ब्याऐंशी. चाळीसचा झाला पाचशे चाळीस. दोनशे सहाचा पाच हजार दोनशे सहा. बाकीचे आकडे अगदी स्वच्छ, लिटर बरोबर, फॅट बरोबर. नुसता कोडच्या आधी एक आगंतुक पाच येऊन बसलेला. प्रत्येक ओळीला न्हाई, चार-पाच ओळींत एखादीला. पण कोड चुकला म्हंजी ओळ बाद, चांगली सतरा-सतरा डिप्रेशनं पाण्यात.

आम्ही परत केलं. परत तेच. कीबोर्ड बिघडला म्हणून मी दुकानदाराच्या डोक्यावर जाऊन बसले, त्यानं बिचाऱ्यानं बदलून दिला. परत तेच.

मग मी म्हणलं, स्क्रीन बघून काय व्हणार, हात बघते. तिच्या शेजारी बसले आन् माझा हात तिच्या हातावर ठेवला, अगदी हलका. "कर," म्हणलं.

कोड, एंटर. लिटर, एंटर. फॅट, एंटर. एसएनएफ, एंटर. आन् ओळ संपली तसं तिचं मधलं बोट घरी आलं आन् त्यानं पाचवर एक टिचकी मारली. दाबली न्हाई. नुसती टिचकी, दारावर ओळखीच्या माणसानं मारावी तशी. आन् लगेच पुढची ओळ.

मी झटकन हात मागं घेतला. कारण ती टिचकी माझी होती.

सत्या पाच-सहा वर्षांचा असंल. शाळा सुटली की पतसंस्थेत यायचा, कॅश बंद केल्यावर मी त्याला मांडीवर घ्यायची. आमचं ते जुनं मशीन, कागदाचा रोल फिरणारं, बटणं अशी जड की बोटं दुखायची. मी त्याचा इवलासा हात माझ्या हाताखाली धरायची आन् दिवसाची बेरीज मारायची. ओळ संपली की पाचवर टिचकी मारून म्हणायची, "आला बाळ घरी." तो खिदळायचा. मग त्याला तो खेळच झाला. त्या मशीनला टिचकी लागायची न्हाई, चांगला दणका दिल्याशिवाय आकडा उठायचाच न्हाई. आन् पुठ्ठ्याला तर काय लागायचं? हाताला काय लागायचं? पण हे नवे पातळ कीबोर्ड. ह्यांना फुंकर मारली तरी आकडा उमटतो.

"तेजू, ही टिचकी," मी म्हणलं.

तिनं हात उचलला न्हाई. "ठाऊक हाय मला," ती म्हणली. "पाच तिथनंच येतोय ते पहिल्या दिवशीच कळलं."

"मग बोलली का न्हाईस? सोडून दे की."

"सोडायची न्हाई मला."

माझी सटकली. "सोडायची न्हाई म्हंजी? परीक्षा एकदाच हाय, ऐकलंस न्हवं? टिचकीपायी खुर्ची घालवणार व्हय? विक्रम न्हेऊन घालंल कुण्या बिजवराच्या पदरात, मग मार तिथं टिचक्या!"

असं बोलायला नको होतं. बोलून झाल्यावर जीभ चावून काय उपयोग?

ती शांतपणे म्हणली, "आई, ते रागवायचे न्हाईत माझ्यावर कधी. माझी ओळ संपली की माझ्या बोटाला धरून टिचकी मारायचे आन् म्हणायचे, घरी ये. ते गेल्यावर मी एकदा सहज पोळपाटावर बोटं मारली, ओळ संपली आन् बोट आपोआप खाली आलं. मी न्हाई मारलं, आई. ते आले. तवापासनं मी रोज मारते. फोटो बघून मला काय व्हत न्हाई. कपडे तुम्ही देऊन टाकले. तेवढं एकच राहिलंय माझ्याकडं."

मी उठून मोरीत गेले आन् नळ मोठा सोडला.

खोटं कशाला बोलू, दोन दिवस मी पण पळवाटा शोधल्या. पाचच्या बटणाखाली कापूस कोंबून बघितला, तर मग पाचच उमटंना. शंकररावांना फोन करून विचारलं, आपला कीबोर्ड परीक्षेला चालंल का? ते म्हणले, "न्हाई हो काकू, सगळ्यांना एकच, न्हाईतर बाकीचे बोंब मारतील." टिचकी पुठ्ठ्यावर मारू दे, म्हणलं, बोट शेजारी टेबलावर न्हेऊन. तर घर सोडून बोट बाहेर गेलं की परत यायला वेळ लागायचा आन् सातच्या जागी आठ पडायचा. बोटं लई मानी असतात. त्यांना एकदा शिकवलं की मग ती आपल्या बापाचं पण ऐकत न्हाईत.

तिसऱ्या दिवशी मी तेजूला म्हणलं, "पोरी, हे त्याला मी शिकवलं. आता मीच काढते. तुला काय करायचं न्हाई, तू नुसता हात दे."

तिनं कीबोर्डवरची धूळ पदरानं पुसली. मग म्हणली, "काढलं तर मी इथं राहीन?"

"राहशील."

तिनं हात दिला.

कसं काढलं ते सांगते. माझा हात तिच्या हातावर. माझं मधलं बोट तिच्या मधल्या बोटाच्या खाली घातलेलं, आकडीसारखं. ओळ संपली की तिचं बोट खाली यायचं, आन् मी ते खाली येता येता धरायची. बोट ओढ घ्यायचं. मी सोडायची न्हाई. "चल पुढं, कोड बघ, एकशे बारा," असं ओरडायची. ती पुढं जायची. परत ओळ संपायची, परत बोट खाली यायचं, परत मी धरायची. पोरगं दारात आलंय आन् आपण आतनं कडी लावतोय, असं वाटायचं मला. पहिल्या आठवड्यात तिचा वेग पार बसला, पाच हजारावर आला. ती आकडे मारता मारता रडायची, डोळे कागदावर, पाणी कागदावर. मी म्हणायची, "पुसू नको, हात हलंल." आन् माझं नाक वाहायचं, ते मला पण पुसता यायचं न्हाई, कारण माझा एक हात तिच्या हातात अडकलेला आन् दुसऱ्यात पावत्या. ह्यांनी एकदा दारातनं बघितलं. म्हणले, "तुम्ही दोघी परीक्षेचा अभ्यास करताय का माझ्या पोराचं मर्तिक परत एकदा करताय?" मी त्यांच्यावर हातातल्या पावत्या फेकून मारल्या. पण ते खरं बोलले.

हळूहळू बोट कमी खाली यायला लागलं. मग नुसतं थबकायचं. मग एके सकाळी मी धरायला बोट लावलं आन् धरायला काय आलंच न्हाई. ओळ संपली, एंटर, लगेच पुढचा कोड. मी पाच-सहा ओळी वाट बघितली. मग हळूच माझा हात काढून घेतला. तेजूला कळलं. ती थांबली न्हाई, दहा मिनिटं पुरी केली. वजा जाता सात हजार आठशे.

"झालं," ती म्हणली. आन् उठून कणीक मळायला गेली. त्या दिवशी ती रडली न्हाई. रडली असती तर बरं झालं असतं.

परीक्षेला मी तिच्याबरोबर दौंडला गेले. बस न्हावऱ्यावरनं, चौफुल्यावरनं गेली. वरवंड आलं तसं तिनं माझा हात धरला आन् पाटस येईपर्यंत सोडला न्हाई. संघाच्या हापिसात खालच्या मजल्यावर परीक्षेची खोली, मधी काच. मी बाहेर बाकड्यावर. आत पातळ कीबोर्ड, ओळीनं आणखी तिघीजणी बसलेल्या, त्या दुसऱ्या जागांसाठी. शंकररावांनी घड्याळ लावलं.

काचेतनं आवाज यायचा. मी डोळे मिटून ऐकत होते. कॅशवाल्या बाईला बटणांच्या आवाजावरनं कळतं कोण घाबरलंय आन् कोण खोडतंय ते. त्या तिघींत एक सारखी खोडत होती. तेजूचा आवाज मला ओळखू आला. आधी तिच्या आवाजात ओळीच्या शेवटी एक बारका खंड असायचा. आता तो नव्हता. नळाचं पाणी पडावं तसा सरळ आवाज, कुठं थांबा न्हाई. मी सुनेसाठी देवाला हात जोडत होते आन् तोच आवाज मला ऐकवत नव्हता.

एकूण आठ हजार तीनशे बावन्न. वजा जाता आठ हजार दोनशे छप्पन्न. शंकररावांनी आकडा वाचला आन् तेजूला म्हणले, "अभिनंदन, ताई." ती माझ्याकडं बघून हसली. गालात, पहिल्यासारखं. मी विक्रमला तिथनंच फोन लावला. "तुझी बहीण पास झाली," म्हणलं, "आता ती स्थळं तुझ्याच लग्नाला वापर." तो फोनवर रडायला लागला. मी म्हणलं न्हवं, पोरगा वाईट न्हाई.

त्या संध्याकाळी मला वाटलं, बरं झालं. जे गेलं ते गेलं, पोरगी तर राहिली. मी ह्यांना शिरा करून घातला.

पुढच्या आठवड्यात ती रुजू झाली. सत्याचीच खोली घेतली होती आठवडाभर राहायला, शनिवारी त्याच्यासारखंच घरी यायचं; सामान लावायला मी बरोबर. हापिसात तिला खुर्चीपर्यंत सोडून मग बसला जावं, असं मी ठरवलं होतं. शंकरराव आम्हाला जिन्यानं वर घेऊन गेले. खालची खोली परीक्षेची न् ट्रेनिंगची, काम समदं वर. वर जुनी टेबलं, जुने पंखे. खिडकीजवळचं एक टेबल पुसून ठेवलं होतं.

"हे सत्यजीतचं," शंकरराव म्हणले.

टेबलावर कीबोर्ड होता. पातळ न्हाई. जाडजूड, पिवळा पडलेला, बटणं उंच उंच. आमच्या पतसंस्थेच्या मशीनची आठवण यावी असला.

मी म्हणलं, "शंकरराव, हा कसला? तुम्ही तर नवे म्हणला होता."

"नवे परीक्षेपुरते, काकू. वरच्यांना अजून आलेच न्हाईत, चार वर्षं मागतोय." त्यांनी कीबोर्ड जरा पुढं सरकवला. "हा तर बदलायलाच झालाय. पाचवरचा ठिपका बघा, पार झिजून गेलाय. सत्यजीतचं काम. ओळ संपली की मारायचा टिचकी. आम्ही चिडवायचो त्याला, आलास का रे घरी? तर म्हणायचा, शनिवारी जाणार हाय न्हवं, तोवर असं."

 मी खुर्चीची पाठ धरली.

तेजूनं विचारलं, "मग त्यांच्या ओळी चुकायच्या न्हाईत?"

"चुकायला काय झालं? ह्याला दणका लागतो ताई, टिचकीनं काय उमटतंय? सत्यजीतच्या तर सगळ्यात कमी चुका."

ते बिचारे सहज बोलून गेले. त्यांना काय ठाऊक आम्ही घरात काय केलं ते? महिनाभर मी तिच्या बोटाला आकडी घालून त्याला दाराबाहेर ठेवला, आन् कशासाठी, तर दहा मिनिटांसाठी. ह्या खुर्चीत, ह्या कीबोर्डवर, ती जन्मभर टिचकी मारत राहिली असती तरी एक ओळ बाद झाली नसती. कुणाचं काय बिघडलं नसतं. मला एकदा तरी विचारायचं सुचलं असतं, वर कसले कीबोर्ड हायेत म्हणून! जगाला प्रश्न विचारून हैराण करणारी मी बाई, आन् हेच विचारलं न्हाई.

तेजू खुर्चीत बसली. नंबर लॉकचा लाइट लावला. पावत्यांचा पहिला गठ्ठा डावीकडं घेतला आन् एक ओळ भरली. कोड, लिटर, फॅट, एसएनएफ. ओळ संपली. मी तिच्या बोटाकडं बघत होते, ती पण बघत होती. बोट सरळ पुढच्या कोडावर गेलं.

तिनं ते मागं आणलं. मुद्दाम पाचवर टिचकी मारली. स्क्रीनवर काय आलं न्हाई. अजून एक मारली.

"आई," ती म्हणली, अगदी हळू, "ही मी मारतीय हो. ते न्हाईत."

मला बोलता आलं न्हाई. माझ्यासारख्या बाईला. तिनं माझा हात धरला, माझं मधलं बोट वेगळं काढलं आन् त्या गुळगुळीत बटणावर ठेवलं. "तुम्ही मारा. एकदा."

मी मारली. जशी मांडीवर घेऊन मारायची तशी. "आला बाळ घरी," मनातच म्हणलं, ओठ हलले असतील. तेजूनं डोळे मिटून माझ्या मनगटाला गाल लावला आन् आम्ही दोघी तिथं, समद्या हापिसादेखत, मोठ्यानं रडलो. कुणी आम्हाला गप केलं न्हाई.

शंकरराव जरा वेळानं आले. घसा साफ करून म्हणले, "ताई, दुसरा कीबोर्ड मागवू का? ठिपका नसला की घर सापडत न्हाई, हात भरकटतो."

"नको साहेब," तेजू म्हणली. "हाच राहू द्या."

माझ्या बसची वेळ झाली होती. मी पिशवी उचलली आन् दारातनं एकदा मागं बघितलं. तिनं पदरानं तोंड पुसलं, पावती समोर घेतली आन् बोटानं ठिपका चाचपून बघितला. तो नव्हताच. मग जी पोर कवा खाली बघत नव्हती तिनं मान खाली घातली, आन् डोळ्यांनी पाच शोधला.